सर्दीचा सहावा दिवस, शेंबूड हिरवा झालाय – मदत हवी आहे

मुक्ता_४०: रविवारी संध्याकाळी घसा खवखवायला लागला. सोमवारी शिंका आणि नाकातून नुसतं पाणी. मंगळवार सगळ्यात वाईट गेला: अंग मोडून आलं, ताप 99.6. बुधवारी ताप उतरला, पण नाक चोंदलं. काल शेंबूड घट्ट, पिवळा होता आणि आज हिरवा. खोकलाही आजच सुरू झाला. तशी तरतरी आलीय, भूक लागते. सासूबाई म्हणतात, सर्दी पिकली, आता उतरेल. नवरा म्हणतो, हिरवा म्हणजे जंतू. घरात अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्यात. घेऊ का?

दादासाहेब: नवऱ्याचं बरोबर आहे. हिरवा रंग म्हणजे इन्फेक्शन. गोळ्या घ्या, पण पाच दिवसांचा कोर्स पूर्ण करा.

पारिजात: मला तर दोन महिने रोज सकाळी वीस-वीस शिंका येतात, डोळे खाजतात. हीच सर्दी का?

वैद्यकी: मी फॅमिली डॉक्टर आहे. दादासाहेब, इन्फेक्शन आहेच, पण विषाणूचं, आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. नाकात लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमधलं एक द्रव्यच हिरवं असतं. त्या साचल्या की चौथ्या-पाचव्या दिवसापासून हा रंग दिसतो. सासूबाईंचा अंदाज बरोबर आहे. गोळ्या घेऊ नका.

मुक्ताताई, मी रंगापेक्षा उतार बघते. तिसऱ्या दिवशी शिखर आणि मग हळूहळू ओसरणं, असाच तुमचा क्रम आहे. दहाव्या दिवसापर्यंत नाक बरंचसं मोकळं व्हावं. खोकला मात्र दोन-तीन आठवडेही रेंगाळतो.

मला काळजी वाटते ती उलटलेल्या सर्दीची. माणूस पाचव्या दिवशी कामावर जातो आणि सातव्या रात्री पुन्हा 102 ताप येतो, एकाच गालात ठणका लागतो, वाकलं की वाढतो, वरच्या दाढा दुखतात. तिथे सायनसमध्ये जिवाणू शिरल्याची शंका येते. असं झालं, किंवा दहा दिवसांत काहीच उतार पडला नाही, तर दाखवा. दम लागला तर त्याच दिवशी.

पारिजात, खाज आणि दोन महिने म्हणजे बहुधा ॲलर्जी. वेगळा धागा काढा.

दादासाहेब: पण माझ्या भावाला दोनच गोळ्यांत उतार पडला होता.

वैद्यकी: कितव्या दिवशी घेतल्या होत्या?

दादासाहेब: सहाव्या-सातव्या असेल.

वैद्यकी: तेव्हा ती आपणहून उतरतच असते.

मुक्ता_४०: आज नववा दिवस. गोळ्या घेतल्या नाहीत. ताप नाही, नाक मोकळं आहे, खोकला रात्री येतो. पण डावा कान दडा बसल्यासारखा वाटतोय.

वैद्यकी: ठणका आहे की नुसता दडा? ऐकू कमी येतंय का?

मुक्ता_४०: दुखत नाही. गिळताना टक् असा आवाज होतो.

वैद्यकी: मग चार दिवस वाट बघू. दुखायला लागला किंवा पाणी आलं तर थांबू नका. इथे कळवा.