साहेबांनी तोंडी सांगितलं तर आधी मेल टाका

"ऑडिटच्या आधी साहेब केबिनमध्ये बोलावून म्हणाले, एप्रिलची दोन बिलं मार्चमध्ये घे, टार्गेट होतंय. काय करू?"

लगेच नाही म्हणून भांडू नका, पण एंट्रीही टाकू नका. माझ्यावर हीच वेळ आली होती, माल ३ एप्रिलला गेटबाहेर गेलेला आणि बिल ३१ मार्चचं हवं होतं. मी जागेवर आल्या आल्या साधा मेल टाकला, "आपल्या बोलण्याप्रमाणे ही दोन बिलं मार्चमध्ये घ्यायची म्हणताय, पण गेट रजिस्टर आणि ट्रान्सपोर्टच्या एलआरवर तारीख ३ एप्रिल आहे, मार्चचा काही कागद असेल तर पाठवा, लगेच घेतो." आरोप नाही, फक्त कागद मागितला. उत्तर आलंच नाही आणि विषय तिथेच थांबला.

ऑडिटर वर्षअखेरची शेवटची आणि एप्रिलची पहिली बिलं काढून डिस्पॅचशी जुळवतोच, ई-वे बिलावर तर वेळही असते. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा आहे, म्हणजे तारीख कुणाच्या लॉगिनने कधी बदलली ते दिसतं, आणि ते लॉगिन साहेबांचं नसतं, तुमच्या टीममधल्या पोराचं असतं. म्हणून त्यालाही आजच सांगा, माझ्या लेखी ओकेशिवाय मार्चमध्ये काही टाकायचं नाही.

माल खरंच मार्चमध्ये गेला असेल आणि बिल राहिलं असेल तर ती दुरुस्ती योग्यच आहे, मार्चचं डिलिव्हरी चलन जोडून बिनधास्त करा. मेलनंतरही दबाव आला तर ऑडिट कमिटी किंवा व्हिसलब्लोअर पॉलिसी आहे का बघा.