वर्षाच्या मध्येच पुन्हा पैसे? मी तर मेमो फेकून दिला असता

तुकोगंजकर
आमच्या ट्रस्टच्या कॉलेज-वसतिगृहाच्या ऑफिसने या 2025 च्या जानेवारीत कार्यकारिणीपुढे जादा निधीचा मेमो ठेवला. 14 पानी! साफसफाई आणि शिपाई मिळून ठेक्यावर 20 माणसं, त्यांच्यासाठी वर 6 लाख हवेत. कारण काय, तर मध्य प्रदेशात किमान वेतन वाढलं. फरक माणशी 1,625 रुपये. 20 माणसं, 12 महिने म्हणजे होतात 3 लाख 90 हजार. बाकीचे 2 लाख कुठून आले? माझं स्पष्ट मत: फेब्रुवारीत बजेट मंजूर झालं की विषय संपला. मध्येच हात पसरणं ही नियोजन फसल्याची कबुली आहे. आकस्मिक खर्चाला 10 टक्के ठेवा आणि ही मेमोबाजी बंद करा.

खतावणीवाला
अहो भिया, 6 लाखांच्या मागणीवर उखडण्याआधी ठेक्याचं एक बिल तरी उघडून बघायचं होतं. इंदूरमधल्याच एका संस्थेचे हिशेब मी सांभाळतो, आणि "बाकीचे 2 लाख कुठून आले" हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी चोर पकडल्याच्या सुरात विचारतं.

अकुशल कामगाराचा दर 10,175 वरून 11,800 झाला, हा तुमचा 1,625 चा फरक. पण ठेकेदार तुम्हाला नुसती मजुरी लावत नाही. तिच्यावर पीएफचा मालकाचा वाटा प्रशासन शुल्कासकट 13 टक्के, ईएसआय सव्वातीन टक्के आणि बोनस 8.33 टक्के. इथेच 1,625 चे 2,024 झाले. त्यावर ठेकेदाराचा सेवा आकार. 5 टक्के धरला तर 2,126. आणि या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,508. एका माणसाचा एका महिन्याचा हा फरक. 20 माणसांचे महिन्याला 50 हजारांच्या थोडं वर, 12 महिन्यांचे 6 लाख 2 हजार. ऑफिसने पैसा जादा मागितलेला नाही, उलट वरचे दोन हजार सोडून दिलेत.

पेपरात आलेल्या 25 टक्के वाढीच्या बातमीने आमचे एक विश्वस्त असेच बिथरले होते. हातात पडणाऱ्या दरातली खरी वाढ 16 टक्के आहे. तुमचं या ठेक्याचं जुनं वार्षिक बिल याच हिशेबाने 37 लाख 70 हजारांच्या आसपास येतं. त्यावर 25 टक्के लावले असते तर मागणी 9 लाखांच्या वर गेली असती. म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या माणसाने पेपर बाजूला ठेवून दरपत्रक वाचलंय. आणि तुमचे 10 टक्के आकस्मिक या खात्यावर ठेवले असते, तरी पावणेचार लाखच हातात आले असते.

राग धरायचाच तर वेगळ्या गोष्टीवर धरा. 14 पानांत या खात्याची आजची स्थिती कुठे आहे का? मंजूर किती, डिसेंबरअखेर दिले किती, आलेली पण न चुकवलेली बिलं किती, मार्चपर्यंत लागणार किती? बिल टेबलावर पडून असतं आणि मेमोत शिल्लक गोंडस दिसते, हा नेहमीचा घोटाळा. हे चार आकडे एका ओळीत मांडले असते तर दीड पानात काम झालं असतं.

तुकोगंजकर
बोनस, जीएसटी मान्य. पण 12 महिने कसे? नव्या दरांना कोर्टाने मेमध्ये दिलेली स्थगिती डिसेंबरमध्ये उठली. डिसेंबर ते मार्च चारच महिने होतात, म्हणजे 2 लाख. मेमोत एप्रिल 2024 पासून मोजलंय. एप्रिलचं बिल तर ठेकेदाराने नव्या दरानेच लावलं होतं आणि आम्ही ते दिलंय. एकाच महिन्याचे दोनदा पैसे?

सुदामानगर
मला एक कळत नाही, शिक्षणसंस्थेला साफसफाईवर जीएसटी लागतोच कुठे? आमच्या शाळेत लागत नाही. ठेकेदार तुम्हाला फसवतोय. पहिले ते 18 टक्के परत मागा, मग मेमो वाचा.

खतावणीवाला
@सुदामानगर, तुमच्या शाळेपुरतं बरोबर आहे. सुरक्षा आणि साफसफाईची ती सूट बारावीपर्यंतच्या शाळांना आहे. हे कॉलेजचं वसतिगृह आहे, इथे कर लागणारच. त्या सूटीच्या भरवशावर कोणी कर कापून मागणी केली, तर मार्चमध्ये दुसरा मेमो लिहावा लागेल.

@तुकोगंजकर, एप्रिलचे पैसे दोनदा जात नाहीत. ते तुम्ही दिलेत, पण जुन्या दराने बांधलेल्या बजेटातून दिलेत. म्हणजे खातं एप्रिलमध्येच 50 हजारांनी खड्ड्यात गेलंय. ठेकेदाराला आता एप्रिलसाठी दमडीही द्यायची नाही, पण खड्डा भरायला हवाच. मेमोत तीन तुकडे वेगळे दाखवायला हवे होते: एप्रिलचं झालेलं जास्तीचं देणं, मे ते नोव्हेंबरची थकबाकी साडेतीन लाख, आणि डिसेंबर ते मार्चचा चालू फरक 2 लाख. तिन्हींचं स्वरूप वेगळं आहे. सगळं एका आकड्यात कोंबलं की तुमच्यासारख्याला शंका येणारच.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून, सरकारी लेखापरीक्षणात आयुष्य घालवलेला माणूस बोलतोय. खतावणीवाल्यांचं गणित चोख, पण एक गोष्ट ते सोयीस्करपणे गाळतायत. वाढ "अनपेक्षित" नव्हती. दर 1 एप्रिलपासून लागू झाले होते, मेमध्ये इंदूर खंडपीठाची स्थगिती आली. स्थगिती म्हणजे दर रद्द नव्हेत. ज्या दिवशी ती आली त्याच दिवशी फरकाची रक्कम बाजूला राखून ठेवायची आणि कार्यकारिणीला एक ओळ लिहून कळवायचं, की प्रकरण विरुद्ध गेलं तर महिन्याला इतकं देणं उभं राहील. तुमच्या ऑफिसने सात महिने आंब्याच्या झाडाखाली झोप काढली आणि डिसेंबरमध्ये जागे झाले.

दुसरं, जादा मागण्याआधी पुनर्विनियोजन. दुसऱ्या खात्यांत काय उरतंय ते आधी दाखवा. सरकारात मी हेच पाहिलं. डिसेंबरात पुरवणी मागणी मंजूर करून घ्यायची आणि 31 मार्चला मूळ तरतूदसुद्धा खर्च न होता परत. मग आम्ही शेरा मारायचा, "पुरवणी अनावश्यक ठरली." हे शेरे कोणी वाचत नाही ते सोडा. आणि आता तर लेखापरीक्षणाच्या चहालासुद्धा...

खतावणीवाला
चहाचं राहू द्या, काका. स्थगितीबद्दलचा मुद्दा मान्य करतो, कारण दुसरा पर्याय नाही. मेमध्ये एक पत्र जायला हवं होतं. पण रक्कम राखून ठेवायची कुठून? त्या खात्यात जुन्या दराचेच पैसे होते. राखून ठेवायलाही कार्यकारिणीची मंजुरी लागते, आणि मेमध्ये "कदाचित" म्हणून साडेतीन लाख मागितले असते तर हेच तुकोगंजकर काय म्हणाले असते?

तुकोगंजकर
म्हणालो असतो, कोर्टाचा निकाल येऊ द्या. त्यात चूक काय?

मांडवीकर
मी बडोद्याहून लिहितेय, त्यामुळे तुमच्याकडचे दर मला ठाऊक नाहीत. पण तुम्ही सगळे ज्या साडेतीन लाखांवर भांडताय ते त्या 20 माणसांच्या हातात पडणार का, हे एकानेही विचारलं नाही. मी होते त्या संस्थेत वेतनफरकाचं बिल ठेकेदाराने लावलं, संस्थेने चुकतं केलं, सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. सहा महिन्यांनी झाडू मारणाऱ्या बाया ऑफिसच्या दारात, "बेन, आमचे पैसे?" ठेकेदार म्हणे दिले. रजिस्टरवर अंगठेही होते. त्यातल्या दोघी ऑगस्टमध्येच काम सोडून गेल्या होत्या, त्यांचेही अंगठे होते!

तुकोगंजकर
ताई, हा ठेकेदाराचा आणि त्यांचा प्रश्न. आम्ही बिल दिलं, संपलं.

मांडवीकर
संपत नाही हो! संपलं म्हणणाऱ्यांमुळेच त्या बाया उन्हात उभ्या होत्या. तुमच्या बैठकीतल्या पोहे-जिलबीचा मेमो कधी कोणी मागितला का? 20 माणसांच्या मजुरीला मात्र 14 पानं आणि वर शंका.

तुकोगंजकर
पोहे मी स्वतःच्या खिशातून आणतो. वैयक्तिक जाऊ नका.

लष्करवाला
ताईंचा स्वर चढलाय, पण कायदा त्यांच्या बाजूने आहे. कंत्राटी कामगारांबाबतचा कायदा बघा. ठेकेदाराने मजुरी दिली नाही किंवा कमी दिली, तर ती मूळ मालकाने द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची. म्हणजे तुकोगंजकर, हेच पैसे तुम्हाला खरोखरच दोनदा द्यावे लागू शकतात. एप्रिलच्या नावाने शोधत होतात ना?

खतावणीवाला
म्हणून आम्ही थकबाकी चालू बिलात मिसळू देत नाही. ठेकेदाराने तिचं वेगळं बिल द्यायचं, सोबत महिनावार हजेरी. आधी त्याने कामगारांच्या बँक खात्यात पैसे टाकायचे, बँकेचा उतारा आणि फरकाच्या पीएफ-ईएसआयची चलनं दाखवायची, मग आमचा चेक. सोडून गेलेल्यांची यादी वेगळी. त्यांचा पत्ता लागेपर्यंत तेवढी रक्कम आमच्याकडेच. ताईंच्या संस्थेत अंगठ्यावर काम भागवलं, तिथेच बुडाले.

सुदामानगर
पण ठेकेदार म्हणतो, आधी तुम्ही द्या, माझ्याकडे भांडवल नाही. आमच्याकडे तर याच कारणावरून दोन महिने झाडलोट बंद होती. मुलांनी वर्ग झाडले, पालक भांडायला आले, आणि मुख्याध्यापक माझ्यावर...

खतावणीवाला
छोटा ठेकेदार असेल तर तो खरं बोलतोय. अशा वेळी दोन टप्प्यांत द्या. पहिल्याचा उतारा आल्याशिवाय दुसरा नाही.

तुकोगंजकर
ठीक आहे. सगळे विद्वान एका बाजूला, मी एकटा अडाणी. चालू फरकाचे 2 लाख आणि एप्रिलचा खड्डा, एवढं मी मंजूर करायला सांगेन. थकबाकीचे साडेतीन लाख मात्र उतारा बघितल्याशिवाय सुटणार नाहीत. आणि त्यावरचा ठेकेदाराचा 5 टक्के सेवा आकार का द्यायचा? मे ते नोव्हेंबर त्याने एक काडी जास्त हलवलेली नाही.

खतावणीवाला
करार काढून बघा. "मजुरीच्या टक्केवारीने" लिहिलं असेल तर तो मागणार. माणशी ठरावीक रक्कम असेल तर नाही. घासाघीस करून बघा, आमच्या ठेकेदाराने अर्धा सोडला. पण थकबाकी मंजूर करून रोखून ठेवणं वेगळं, आणि मंजूरच न करणं वेगळं. ठरावात पूर्ण रक्कम घ्या, सोडण्याची अट खाली लिहा. नाहीतर मार्चनंतर ते देणं नव्या वर्षाच्या बजेटात येऊन बसेल, जिथे त्याला जागा नाही.

लष्करवाला
मला हे पटत नाही. मार्चअखेर न सुटलेली रक्कम मंजूर दाखवली की पुन्हा तेच, "पुरवणी अनावश्यक ठरली." जेवढे उतारे येतील तेवढंच मागा.

मांडवीकर
काका, सरकारी शेरा इथे कोण मारणार आहे?

लष्करवाला
ट्रस्टचेही सनदी लेखापाल असतात, ताई. आणि तुकोगंजकर, फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचं बजेट बांधाल तेव्हा या ठेक्याला पाया कुठला धरणार, 37 लाख 70 हजार की 43 लाख 70 हजार? मेमोत त्याबद्दल काही लिहिलंय का?

तुकोगंजकर
14 पानांत कुठेतरी असेल. उद्या बघतो.