मदत हवी आहे: रक्त चढवताना भरायच्या नोंदतक्त्यात वेळा कशा असाव्यात आणि रिॲक्शनचा संशय आल्यावरची कृती कशी लिहावी?

वॉर्डाची_वही

आमच्या मेडिसिन वॉर्डासाठी रक्तसंक्रमणाचा नोंदतक्ता नव्याने तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सध्याच्या तक्त्यात ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वसन यांचे रकाने आहेत, वेळा आधीच छापलेल्या आहेत आणि तळाशी ‘रिॲक्शन: होय / नाही’ एवढीच एक ओळ आहे. ही ओळ किती अपुरी आहे, हे अलीकडच्या एका प्रसंगावरून लक्षात आले.

साठीच्या एका बाईंना लाल पेशींची पिशवी लावली होती. पिशवी रक्तपेढीतून ११:०० वाजता निघाली आणि ११:२० ला सुरू झाली. त्याआधी ११:१० ला ताप ९८.६ फॅरनहाइट, नाडी ८४, रक्तदाब १२६/७८ आणि श्वसन १६ होते. ११:३५ ला फारसा फरक नव्हता. ११:५० ला ताप ९९ आणि नाडी ९० झाली, आणि १२:२० ला थंडी वाजू लागली तेव्हा ताप १००.९, नाडी १०८, रक्तदाब ११८/७२ आणि श्वसन २० अशी नोंद आहे. त्या वेळच्या कर्मचाऱ्यांनी थेंब कमी केले, पॅरासिटामॉल दिले आणि डॉक्टरांची वाट पाहिली. पिशवी प्रत्यक्षात १२:४५ ला बंद झाली आणि नंतर ती कचऱ्यात गेली. रक्तपेढीने पिशवी मागितली तेव्हा पाठवायला काहीच उरले नव्हते. बाई संध्याकाळपर्यंत बऱ्या झाल्या, परंतु ताप कशामुळे आला हे शेवटपर्यंत ठरले नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. नोंदी किती वेळाने घ्याव्यात? आणि तळाच्या त्या एका ओळीच्या जागी असे काय लिहावे, की रात्री एकटी असलेली नवीन सिस्टरही न गोंधळता पुढची कृती करू शकेल?

जुनी_पाळी

अनेक वर्षे वॉर्डात काढल्यानंतरचे माझे मत असे आहे की याचा फार बाऊ करू नये. रक्त चालू असताना येणारा ताप बहुतेक वेळा पिशवीतील पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि आपोआप उतरतो. आम्ही रक्त लावण्यापूर्वीच पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीचे इंजेक्शन देतो, त्यामुळे आमच्याकडे रिॲक्शन जवळजवळ दिसत नाही. तक्त्यात ‘पूर्वऔषध दिले’ असा एक रकाना ठेवला तर निम्मा प्रश्न सुटेल. शिवाय ताप एक अंशाने वाढला की सावध व्हावे, हा नियम सर्वांना ठाऊक आहेच.

पेढीतली_डॉक्टर

मी रक्तपेढीत काम करते, त्यामुळे अशा पिशव्या आणि असे तक्ते दोन्ही माझ्यासमोर येतात.

वरच्या प्रतिसादातील पहिले वाक्य बरोबर आहे: अशा तापाचे सर्वांत नेहमीचे कारण निरुपद्रवी असते. परंतु जंतुसंसर्ग झालेली पिशवी किंवा न जुळणारे रक्त यांचीही सुरुवात अशाच तापाने आणि थंडीने होऊ शकते, आणि पहिल्या दहा मिनिटांत खाटेजवळ उभे राहून हा फरक कोणालाच सांगता येत नाही. पांढऱ्या पेशींमुळे आलेला ताप हे निदान बाकीच्या शक्यता वगळल्यानंतर करायचे असते. पॅरासिटामॉल आधी दिल्याने तापाचा आकडा दबतो, पण रक्त न जुळल्यामुळे होणारा पेशींचा नाश थांबत नाही. म्हणून पूर्वऔषधाचा रकाना जरूर ठेवावा, मात्र त्याचा उपयोग ‘हा ताप खरा याहून जास्त असू शकतो’ हे लक्षात ठेवण्यासाठी व्हावा.

आता ‘एक अंश’. हा नियम सेल्सिअसचा आहे: सुरुवातीच्या तापापेक्षा १ अंश सेल्सिअस किंवा अधिक वाढ आणि ताप ३८ वर. फॅरनहाइटमध्ये ही वाढ १.८ अंशांची होते आणि ३८ म्हणजे १००.४. वॉर्डातील थर्मामीटर फॅरनहाइटचा आणि भिंतीवरचा नियम सेल्सिअसचा असला की एकतर ९९.६ ला धावपळ होते, किंवा वारंवार धावपळ झाल्यामुळे १००.९ कडेही दुर्लक्ष होते. तुमच्या रुग्णाची वाढ २.३ फॅरनहाइट आहे, म्हणजे १.३ सेल्सिअसच्या आसपास. नियमाप्रमाणे रक्त १२:२० लाच थांबवायला हवे होते. तक्त्यावर ‘सुरुवातीचा ताप’ ठळक चौकटीत ठेवा आणि त्याशेजारी ‘या रुग्णासाठी थांबण्याचा आकडा’ अशी रिकामी जागा ठेवा, जी सिस्टरने रक्त सुरू करण्यापूर्वीच भरावी. ज्याला आधीच १००.२ ताप आहे त्याचा आकडा १०२ येतो. मात्र थंडी, धाप, कंबरदुखी किंवा रक्तदाब घसरणे यांपैकी काहीही दिसले, तर आकड्याची वाट पाहायची नाही.

पेढीतली_डॉक्टर

कृतीबद्दल वेगळे लिहिते, कारण खरी अडचण तिथेच आहे.

थेंब कमी करणे म्हणजे थांबवणे नव्हे. क्लॅम्प पूर्ण बंद करावा, सेट कॅन्युलापासून सोडवावा, आणि नवीन सेट लावून नॉर्मल सलाईन सुरू करावे. जुन्याच सेटमधून सलाईन सोडले तर नळीतले उरलेले रक्त रुग्णाच्या शरीरात ढकलले जाते. कॅन्युला काढू नये, कारण रक्तदाब पडला तर तीच शीर लागणार आहे. हे करताना दुसऱ्या व्यक्तीने डॉक्टरांना बोलवावे. डॉक्टर येईपर्यंत न थांबता रक्त बंद करण्याचा अधिकार सिस्टरला आहे, हे वाक्य तक्त्यावर छापले तर बराच फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

लगेच त्यानंतर ओळख पुन्हा तपासावी: रुग्णाने स्वतः सांगितलेले नाव, मनगटावरची पट्टी, पिशवीवरचे लेबल आणि क्रॉसमॅचचा कागद. ‘तुमचे नाव अमुक ना?’ असे विचारले तर गुंगीतला माणूस कशालाही मान डोलावतो, म्हणून नाव त्यालाच सांगू द्यावे. येथे तफावत सापडली तर रक्तपेढीला त्याच क्षणी फोन करावा. दोन पिशव्यांची अदलाबदल झाली असेल, तर दुसरी पिशवी याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी चालू असू शकते.

पिशवी फेकायची नाही. क्लॅम्प बंद ठेवून, सुई न जोडता, सेटसह ती रक्तपेढीत पाठवावी. सोबत दुसऱ्या हातातून घेतलेले रक्ताचे नमुने आणि पहिली लघवी पाठवावी. नमुना बारीक सुईने जोर लावून ओढला तर सिरिंजमध्येच पेशी फुटतात आणि वरचा द्रव गुलाबी दिसतो, मग आम्ही रिॲक्शन समजून बसतो. आम्ही हा रंग रक्त देण्यापूर्वीच्या नमुन्याशी ताडून पाहतो, गट आणि क्रॉसमॅच पुन्हा करतो, डायरेक्ट कूम्ब्ज चाचणी करतो आणि जंतूंसाठी पिशवीतील रक्ताचे कल्चर लावतो. तुमच्या प्रसंगात पहिल्या तीन गोष्टी रुग्णाच्या नमुन्यावरून होऊ शकल्या असत्या, पण पिशवीच्या अभावी कल्चर कायमचे राहून गेले.

पाच_वाजताची_फेरी

मी अतिदक्षता विभागात आहे. वेळांबद्दल मला सांगावेसे वाटते की तक्त्यात वेळा छापूच नयेत. छापलेल्या वेळा असल्या की ११:३५, ११:५०, १२:०५ असे सर्व आकडे एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेले दिसतात, आणि तीन ओळींत नाडी ८४, ८४, ८४ अशी येते. ‘अपेक्षित वेळ’ आणि ‘प्रत्यक्ष वेळ’ असे दोन रकाने ठेवल्यास उशीर झाला तर तो प्रामाणिकपणे दिसतो.

आमच्याकडे सुरू करण्यापूर्वीच्या तासाभरात एक नोंद, नंतर पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी, पुढे दर अर्ध्या तासाने आणि संपल्यावर एक नोंद असते. पहिली १५ मिनिटे थेंब मंद ठेवतो आणि सिस्टर खाटेजवळच थांबते, कारण रक्तगट न जुळल्याची रिॲक्शन थोड्याशा रक्तानेही सुरू होऊ शकते. बेशुद्ध रुग्ण थंडी वाजते किंवा कंबर दुखते असे सांगू शकत नाही. त्याच्यासाठी लघवीचा रंग आणि शस्त्रक्रियेच्या जागेतून अचानक वाढलेला रक्तस्राव हे रकाने हवेत.

वॉर्डाची_वही

दर १५ मिनिटांची नोंद आमच्या वॉर्डात रात्री शक्य नाही, कारण एका पाळीत एकाच वेळी दोन-तीन रुग्णांना रक्त चालू असते. १५ मिनिटांनी एक आणि मग दर तासाने एक, असे ठेवले तर चालेल का?

पेढीतली_डॉक्टर

सुरुवातीची, १५ मिनिटांची आणि संपल्यानंतरची, या तीन नोंदी कोणत्याही परिस्थितीत चुकू नयेत. मधल्या नोंदींचे अंतर ठिकाणानुसार बदलते. मात्र तुमच्या रुग्णाकडे पाहा: ११:५० ची नोंद नसती तर नाडी ९० ची चाहूल कोठेच उमटली नसती. दर तासाची पद्धत ठेवणार असाल तर निदान ३० मिनिटांची एक नोंद वाढवावी, आणि शक्य असल्यास तातडी नसलेले रक्त रात्री लावूच नये. पिशवी शीतकपाटातून निघाल्यापासून चार तासांत संपली पाहिजे, म्हणून ‘पिशवी निघाल्याची वेळ’ हाही रकाना हवा. तुमची पिशवी त्या हिशोबाने ३ वाजेपर्यंत संपायला हवी होती.

थॅलेसेमियाची_आई

माझ्या मुलाला नियमित रक्त लागते. त्याला एकदा रक्त घेताना काहीच झाले नाही, पण आठवड्याभराने डोळे पिवळे झाले आणि हिमोग्लोबिन पुन्हा उतरले. तुमच्या तक्त्यात हे कोठे पकडले जाईल? आम्हाला त्या दिवशी कोणी काही सांगितले नव्हते.

पेढीतली_डॉक्टर

ताई, वॉर्डाच्या तक्त्यात हे पकडले जाणार नाही, कारण तो काही तासांचाच असतो. जुनी प्रतिपिंडे पुन्हा वाढल्यामुळे पेशी काही दिवसांनी फुटतात, तसे मुलाच्या बाबतीत झाले असावे. मुलाच्या कागदावर ‘प्रतिपिंडे आढळली’ अशी नोंद रक्तपेढीकडून मागून घ्या आणि प्रत्येक नव्या ठिकाणी दाखवा. घरी जाताना द्यायच्या चिठ्ठीत कावीळ, गडद लघवी आणि धाप यांचा उल्लेख असावा, हे मात्र मूळ प्रश्नकर्त्यांनी जरूर घ्यावे.

जुनी_पाळी

फॅरनहाइटचा मुद्दा मान्य आहे. तरीही एक शंका राहते. नुसता थोडा ताप असेल, ओळख बरोबर निघाली आणि रुग्ण स्थिर असेल, तर पॅरासिटामॉल देऊन तीच पिशवी मंद गतीने पुन्हा सुरू केल्याचे मी पाहिले आहे. ते चूक का?

पाच_वाजताची_फेरी

काही ठिकाणी डॉक्टरांच्या लेखी आदेशाने तसे करतात: ताप ३९ सेल्सिअसच्या खाली, वाढ २ अंशांहून कमी आणि दुसरे एकही लक्षण नाही, तेव्हाच. आमच्याकडे तापानंतर तीच पिशवी पुन्हा लावत नाहीत. या बाईंना थंडीही वाजत होती, त्यामुळे त्यांच्या बाबतीत मी तो प्रश्नच काढला नसता. फक्त थोडे पित्त उठले असेल, तर औषध देऊन आम्हीही पुढे चालू ठेवतो.

वॉर्डाची_वही

छापील वेळा काढून दोन वेळांचे रकाने, थांबण्याचा आकडा, पिशवी निघाल्याची वेळ, ‘रक्त बंद केल्याची वेळ आणि तोपर्यंत गेलेले रक्त’, आणि पिशवी सेटसह पाठवल्याची सही, असा मसुदा करत आहे. पिशवी पुन्हा सुरू करण्याबाबतची ओळ तूर्त रिकामी ठेवून वरिष्ठ डॉक्टरांकडे पाठवणार आहे. ज्यांच्याकडे लहान मुलांच्या विभागाचा तक्ता असेल, त्यांनी तेथे थेंबांचा वेग कसा लिहितात ते कळवावे.