वसुलीची कॅश दाबली तर शब्द कुठला, चोरी की अपहार?

होलसेलवाला: चाटी गल्लीत आमचं टॉवेल-चादरीचं होलसेल आहे, वसुलीला एक पोरगा ठेवलाय. बार्शीच्या दुकानदाराकडनं त्यानं 38,500 कॅश आणली, त्याला पावतीपण बरोबर तेवढ्याचीच दिली, पण आमच्या बुकातल्या खालच्या पानावर 18,500 लिहिलंय आणि भरलेत पण तेवढेच. घरात सगळे चोरी चोरी म्हणायलेत, अर्ज लिहिणारा मात्र अपहार लिहा म्हणतोय. एकच ना ते दोन्ही?

पार्क चौक: एक कसं असेल ओ. चोरी म्हणजे न विचारता घेणं. इथं तुम्हीच त्याला पैसे आणायला पाठवलं, दुकानदारानं राजीखुशीनं हातात दिले. नोकराच्या हातात आपण स्वतः सोपवलेली वस्तू त्यानं ढापली तर ती चोरी होतच नाही, अपहारच होतो.

जुना कारकून: पहिलं बरोबर, शेवटचं वाक्य चूक. चोरीच्या कलमातच उदाहरण दिलंय, मालकानं चांदीची भांडी सांभाळायला दिलेला नोकर ती घेऊन पळाला तर ती चोरीच. आणि लगेच पुढचं उदाहरण असं की प्रवासाला जाताना भांडी वखारवाल्याकडं ठेवली आणि त्यानं विकून टाकली, तर चोरी नाही, न्यासभंग, म्हणजे विश्वासानं सोपवलेल्या वस्तूचा अपहार. कारण कायदा असं धरतो की नोकराच्या हातातली मालकाची वस्तू मालकाच्याच ताब्यात आहे, वखारवाल्याकडं मात्र ताबा खरोखर गेलेला असतो. म्हणून गल्ल्यात पडलेली नोट उचलली की नोकरानं केलेली चोरी, नव्या न्याय संहितेत कलम 306, जुन्या दंड संहितेत 381.

तुमचे वीस हजार मात्र गल्ल्यापर्यंत आलेच नाहीत, दुकानदाराच्या हातातनं थेट पोराच्या खिशात. इंग्लंडमध्ये 1799 साली हाच घोळ झाला होता, बँकेच्या कारकुनानं ग्राहकाची 100 पौंडांची नोट ड्रॉवरमध्ये न टाकता खिशात घातली, नोट मालकाच्या ताब्यात आलीच नव्हती म्हणून तो चोरीतनं सुटला आणि त्याच साली पार्लमेंटला वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडं वसुलीच्या पैशाला सरळ 316(4) लावतात, जुनं 408. शिक्षा दोन्हीकडं सात वर्षांपर्यंत, त्यामुळं शब्दावर भांडण शिक्षेसाठी नाही, शाबित काय करायचं त्यासाठी आहे.

भिशीवाली ताई: माझं पण असंच झालंय, मैत्रिणीला भिशीतले 50,000 हातउसने दिले, वर्ष झालं देत नाही, अपहाराची केस होईल का?

जुना कारकून: नाही ताई. उसने दिले की पैसे तिचे झाले, तेच परत द्यायचे नसतात, तेवढे द्यायचे असतात. ते दिवाणी येणं. वरच्या केसमध्ये रक्कम सुरुवातीपासनं मालकाची, पोरगा फक्त हमाल.

होलसेलवाला: मग शाबित काय करायचं?

जुना कारकून: आधी सोपवणूक, म्हणजे वसुली त्याचंच काम होतं आणि रक्कम त्याच्या हातात पोचली. बार्शीवाल्याची मूळ पावती आणि त्याची खतावणी हातात घ्या, नुसतं तोंडी सांगणं नको. मग बुकाचं खालचं पान उजेडात धरा. कार्बन घालून लिहिलं असेल तर निळा ठसा दिसतो आणि वरच्या पावतीशी अक्षर न अक्षर जुळतं, इथं वरची पावती कार्बन काढून फाडलेली असणार आणि खालचं नंतर पेननं लिहिलेलं, शाई वेगळी ओळखू येते. हिशेब खोटा लिहिल्याचा वेगळा गुन्हा त्यातनंच उभा राहतो, आणि बेइमानीचा मुद्दा पण, कारण विसरलेला माणूस कार्बन काढून ठेवत नाही.

होलसेलवाला: तो म्हणतो दिवाळीला भरणारच होतो, शिवाय दोन महिन्यांचा पगार थकलाय म्हणून ठेवले.

जुना कारकून: पहिल्याला अर्थ नाही, थोडे दिवस वापरले तरी अपहार होतो. पगाराचं मात्र हलकं घेऊ नका. खरंच थकला असेल आणि त्यानं सांगून ठेवले असते तर वकील म्हणाला असता हा हक्काचा वाद आहे, बेइमानी नाही. इथं लपवलंय, त्यामुळं ते लंगडं पडतं. पगार थकलाय का खरंच?

होलसेलवाला: एक महिन्याचा थकलाय, दोन नाही.

पार्क चौक: बघा, आलं ना बाहेर! आणि कारकूनसाहेब, नोकराच्या हातातलं मालकाच्याच ताब्यात म्हणताय तर खिशातले वीस हजार पण मालकाच्याच ताब्यात होते की, मग चोरी का नाही?

जुना कारकून: बरोबर बोट ठेवलंय, माझ्याकडं पण चोख उत्तर नाही. चोरीत वस्तू मालकाच्या ताब्यातनं हलवावी लागते, ती नेमकी कधी हलली यावर दोन वकील दोन तास बोलतील. म्हणून फिर्यादीत कलमापेक्षा हकीकत नीट लिहावी. होलसेलवाले, पावतीची तारीख सांगा आधी. 1 जुलै 2024 च्या आधीचा प्रकार असेल तर जुनंच 408 लागेल.

होलसेलवाला: ही ऑगस्टची. पण बुक चाळताना त्याच वर्षीच्या मे महिन्याचं पण एक पान पेननं लिहिलेलं दिसायलंय.