मदत हवी आहे : घडीच्या जुन्या कॅमेऱ्याचं मॉडेल आणि शटर कसं ओळखायचं? चालू निघाला तर भाव वाढतो का?

कोनाडा
घरातला एक जुना कॅमेरा विकायचा आहे. बटण दाबलं की पुढची झडप उघडते आणि भात्यासकट लेन्स बाहेर येते. लेन्सभोवतीच्या कड्यावर ‘प्रोन्टॉर-एसव्हीएस’ असं कोरलंय, आतल्या बाजूला ‘नोव्हार-अनास्टिग्मॅट १:४.५, ७५ मिमी’ दिसतं. चामड्यावर झाइस आयकॉन आणि नेटार. वरचं शटरचं बटण दाबलं तर काहीच होत नाही. एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने पाहिला आणि ‘प्रोन्टॉर कॅमेरा आहे, बंद आहे, शोपीस म्हणून १२०० देतो’ म्हणाला. माझे प्रश्न दोन. नक्की मॉडेल कोणतं? आणि चालू करून विकला तर जास्त मिळतील का?

तांबडी_खिडकी
प्रोन्टॉर हे कॅमेऱ्याचं नाव नाही, शटरचं आहे. जर्मनीत काल्मबाखला आल्फ्रेड गाउथियर यांचा कारखाना होता, तिथे ही शटरं बनायची आणि झाइस, आग्फा, फोइग्टलेंडर असे सगळेच ती आपापल्या कॅमेऱ्यांत बसवायचे. म्युनिकच्या डेकेल कंपनीचं कॉम्पुरही असंच. त्यामुळे कड्यावरचं नाव वाचून कॅमेरा ओळखायला गेलं की दुकानदाराची झाली तशी गफलत होते. पण भाव ठरवताना तेच नाव उपयोगी पडतं, कारण एकच नेटार स्वस्त शटरमध्येही मिळायचा आणि महागड्यातही.

मॉडेलचा आकडा झाइसने चामड्यातच दाबलेला असतो. मागच्या दारावर बिजागरीजवळ शोधा. शाई नसते आणि वर्षानुवर्षं हाताळून तो पुसट होतो, त्यामुळे समोरून बघितलं तर दिसत नाही. खोलीत अंधार करून टॉर्च चामड्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा, आकड्याची सावली पडेल. तिरक्या रेघेच्या पुढचा भाग फिल्मच्या चौकटीचा असतो : १६ म्हणजे सहा बाय सहा सेंटिमीटर, २ म्हणजे सहा बाय नऊ. तुमची लेन्स ७५ मिमीची आहे म्हणजे सहा बाय सहाच असणार. तेव्हा ५१७/१६ किंवा ५१८/१६ यांतलं काहीतरी निघेल.

वरचं बटण दाबलं जात नाही यावरून शटर मेलं असं ठरवू नका. एकाच फोटोवर दुसरा फोटो येऊ नये म्हणून या कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकवल्याशिवाय बटण अडवलेलं असतं. शटर बघायचं तर थेट शटरवर बघा. मागचं दार उघडा, फिल्म नाही याची खात्री करा, वेग १०० वर, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागावर, आणि लेन्सचं छिद्र ४.५ वर ठेवा. शटरच्या कडेचा चाप शेवटपर्यंत ओढून सोडा. मग वरच्या बटणाची दांडी शटरवरच्या ज्या बारीक खिट्टीला ढकलते, ती खिट्टी बोटाने हलवा.

एक मात्र सांभाळा. कड्याजवळ व्ही, एक्स, एम अशी अक्षरं असलेली खिट्टी असेल. ती एक्सवरच राहू दे. व्ही म्हणजे सेल्फ टायमर. तो इतक्या वर्षांनी वापरला तर मध्येच अडकतो आणि चालू शटरही बंद पडतं.

हिरवा_ठिपका
माझ्याकडे याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन आहे. त्याचंही शटर बंद आहे, का काही कळत नाही. कोणताही वेग लावला तरी सारखाच ‘टिक’ आवाज येतो. हाही याच पद्धतीने तपासायचा का?

तांबडी_खिडकी
नाही, तुमचं प्रकरण निराळं. त्यात वेग हाताने लावायची सोयच नाही, तुम्ही जे फिरवताय ते लेन्सचं छिद्र. वेग आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवतं आणि सेल नसेल तर शटर प्रत्येक वेळी १/५०० वरच चालतं, म्हणून आवाज सारखा. मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. सहा व्होल्टचा ४एलआर४४ चालतो, पण तो आखूड आणि बारीक असल्याने पुठ्ठ्याची नळी आणि एका टोकाला स्प्रिंग लागते. आधी सेलच्या खोबणीत हिरवट गंज आहे का बघा. मग मागचं छोटं बटण दाबा, फोटोंच्या आकड्याच्या खिडकीत हिरवा दिवा लागला पाहिजे. आणि वाइंडिंगचा लिव्हर ओढताना ‘ठक’ असा जड आवाज येतो का ऐका. तो येत नसेल तर आतला रबरी तुकडा विरघळलाय, मग दिवा लागूनही वेगाचा भरवसा नाही.

मिस्त्री_कॉर्नर
कोनाडा, शटर चिकटलं असेल तर घरीच होतं. पुढची लेन्स फिरवून काढा आणि पात्यांवर लायटरचं पेट्रोल दोन-तीन थेंब टाका. नाहीतर मशीनचं तेल एक थेंब. लगेच मोकळं होतं.

तांबडी_खिडकी
लायटर फ्लुइड योग्य, तेल अजिबात नको. या शटरची पाती पूर्ण कोरडी लागतात. ती चिकटतात तीच मुळी आतलं वंगण पसरून पात्यांवर आल्यामुळे. वर आणखी तेल टाकलं तर दोन दिवस छान चालेल, मग धूळ धरून पहिल्यापेक्षा घट्ट बसेल. फ्लुइड जास्त ओतलं तरी तेच होतं : यंत्रणेतलं जुनं वंगण विरघळून पात्यांवर उतरतं आणि सुकल्यावर तिथेच राहतं.

पुढची लेन्स काढायचा सल्ला तर नवख्या माणसाला देऊच नये. नेटारमध्ये फोकस पुढचं भिंग फिरवूनच होतो. ते काढून आट्यांत चुकीच्या जागी बसवलं की कडं अनंतावर असतानाही लांबचा डोंगर धूसर येतो. अशा कॅमेऱ्याचं शटर चालतं, पण फोटो एकही धड येत नाही. आणि घेणाऱ्याला ते रोल धुतल्यावर कळतं.

मिस्त्री_कॉर्नर
तेलाचं मान्य. पण भिंग काढायच्या आधी कड्यावर खूण करून ठेवली तर अडचण येत नाही.

तांबडी_खिडकी
एक खूण पुरत नाही. काढताना भिंग आट्यांतून ज्या क्षणी सुटतं ती जागाही टिपून ठेवावी लागते. नाहीतर खूण जुळते आणि आटा भलताच धरलेला असतो.

कोनाडा
टॉर्च आडवा धरल्यावर आकडा दिसला : ५१८/१६. खिट्टीने शटर उडालं! मग फिल्म फिरवायची मूठ बाणाच्या दिशेने फिरवली, तर वरचं बटणही चालायला लागलं. आता वेग असे : ३००, १००, ५०, २५ वर उघडून मिटतं. १० ला कधी मिटतं, कधी नाही. ५, २, १ ला उघडंच राहतं, कड्यावर टिचकी मारली की मिटतं. म्हणजे हा चालू म्हणायचा की बंद?

तांबडी_खिडकी
अर्धा चालू. मंद वेगांसाठी शटरमध्ये बारीक चाकांची वेगळी साखळी असते, तिच्यातलं वंगण वाळलंय. भरउन्हातल्या फोटोला तिची गरजच पडत नाही. पाती मात्र चांगली दिसतात.

आता वेग मोजा. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन लावा, कॅमेऱ्याचं मागचं दार उघडं ठेवून समोर खिडकी येईल असा धरा आणि शटर उडवा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम सरकवत उजेड दिसणाऱ्या फ्रेम मोजा. १/२५ ला साधारण १० यायला हव्यात, १/५० ला ५. १/३०० या पद्धतीने मोजता येत नाही, तो एका फ्रेमपेक्षाही लहान आहे.

कोनाडा
२५ ला तीनदा मोजलं, १४ च्या आसपास येतात. ५० ला ७.

तांबडी_खिडकी
२४० भागिले १४, म्हणजे खरा वेग १/१७ च्या जवळ. साधारण अर्धा स्टॉप मंद, म्हणजे फिल्मवर जवळपास दीडपट उजेड पडतो. निगेटिव्ह फिल्म एवढं सहज सांभाळून घेते. शिवाय दोन्ही वेग सारख्याच प्रमाणात मंद आहेत हे चांगलं लक्षण, घेणाऱ्याला एकच दुरुस्ती ध्यानात ठेवावी लागेल.

राहिले भाता आणि लेन्स. अंधाऱ्या खोलीत भाता पूर्ण उघडून आत टॉर्च घाला आणि बाहेरून घड्यांचे कोपरे बघा, ठिणगीसारखा ठिपका दिसला तर भोक. झाइसचे भाते सहसा टिकतात, त्या काळच्या आग्फा आयसोलेटचे मात्र हमखास कोपऱ्यात फुटतात. मग वेग बी वर लावा, त्यात दाबून धरलं तोवर शटर उघडं राहतं, आणि मागून टॉर्च मारा आणि पुढून भिंगात तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातून कोकणात किंवा मुंबईत चामड्याच्या केसमध्ये बंद राहिलेल्या कॅमेऱ्यात ती शटरच्या बिघाडापेक्षा जास्त सापडते. मंद वेग साफ करून परत येतात, बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला तर तो परत येत नाही.

जुना_बाजार
भावाबद्दल बोलतो. चालू नेटारला बंद नेटारपेक्षा निश्चित जास्त मिळतात, पण फरक कोण घेतंय त्यावर आहे. कॅफेवाला किंवा घर सजवणारा शटर बघतच नाही, त्याला चकचकीत क्रोम हवं. फोटो काढणारा मात्र चालू नसेल तर हातच लावत नाही. आग्फा क्लिक थ्री घ्या : बडोद्याला बनलेला, एकाच वेगाचा, आपल्याकडे घरोघरी होता. तो चालू असला काय नसला काय, भाव जवळपास तोच. उलट सुपर आयकॉन्टा, टेसार लेन्स आणि कॉम्पुर शटरचा, बंद असला तरी लोक घेतात, कारण दुरुस्तीचा खर्च त्यात निघतो. नेटार या दोहोंच्या मधला. त्याच्यात चालू-बंदचा फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

आणि भाव बघताना ईबेवर मागितलेल्या किमती बघू नका. ‘विकलेल्या वस्तू’ हा फिल्टर लावा आणि ५१८/१६ बरोबर शटरचं नावही टाका.

कोनाडा
मग आधी कारागिराकडून मंद वेग साफ करून घेऊ का?

जुना_बाजार
माझं मत, नको. समजा साफसफाईला २५०० लागले आणि त्यामुळे भाव १५०० ने वाढला, तर हजार तुमच्या खिशातून गेले. नेटार दुर्मिळ नाही. आहे तसा विका.

तांबडी_खिडकी
इथे मी थोडा वेगळा. नुसतं विकायचं असेल तर तुमचा हिशेब बरोबर. पण ३०० ते २५ चालू आहेत हे दाखवणारा व्हिडिओ फुकट होतो, तो टाकाच. जाहिरातीत ‘तपासलेला नाही’ लिहिलं की जाणकार तो बंदच धरतो आणि बंदचाच भाव सांगतो. आणि एक रोल काढून त्यातले चार फोटो जोडले तर भाता, फोकस, वेग सगळ्यांचा पुरावा एकदम मिळतो. याला लागणारी १२० नंबरची फिल्म अजून मिळते.

जुना_बाजार
रोल, धुणं, स्कॅन मिळून हजाराच्या पुढे जाईल. एवढा खर्च नेटारवर निघेल असं मला वाटत नाही.

कोनाडा
भात्यात भोक नाही. भिंगाच्या कडेला एक पांढुरका धागा आहे, चार-पाच मिलिमीटरचा. आतल्या बाजूला वाटतो. व्हिडिओ उद्या उजेडात काढतो. १२०० ला तर देत नाही.

तांबडी_खिडकी
धाग्याचा जवळून फोटो टाका, शटर उघडं आणि बंद दोन्ही स्थितीत. शटर बंद असतानाही दिसला तर तो पुढच्या भिंगांत आहे, नाहीतर मागच्या. मागच्या भिंगात असेल तर फोकसला धक्का न लावता साफ होऊ शकेल. तोवर केसमधून बाहेर, कोरड्या जागी ठेवा.

हिरवा_ठिपका
माझ्या याशिकात हिरवा दिवा लागला. ‘ठक’ आवाज मात्र कधी येतो, कधी येत नाही. याचा अर्थ काय घ्यायचा?