बरगड्यांचीही एक ओढ असते

"सहज श्वास सोडल्यावरही छातीत दोन-अडीच लिटर हवा राहतेच. फुफ्फुस पूर्ण आक्रसून रिकामं का होत नाही?"

कारण फुफ्फुस आत ओढत असताना बरगड्यांचा पिंजरा बाहेर उसळायला बघतो. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की स्नायू ढिले असतानाच सोडलेला श्वास तिथे टेकतो. तेवढी उरलेली हवा म्हणजे एफआरसी. या रस्सीखेचीमुळे फुफ्फुस आणि पिंजरा यांच्या मधल्या फटीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 5 सेंटीमीटर पाण्याइतका कमी असतो.

परळला रेसिडेन्सी करताना हे मी एका एक्स-रेवर पाहिलं. उंच, किडकिडीत मुलगा, लोकलमध्ये उभा असताना अचानक छातीत कळ आली. डाव्या फुफ्फुसावरचा बारीक फुगा फुटून हवा त्या फटीत शिरली होती. दाबातला फरक गेला आणि दोघं सुटे झाले. मध्याकडे गोळा झालेलं फुफ्फुस सगळ्यांनाच दिसतं. पण त्या बाजूच्या बरगड्या नीट बघा, उजवीपेक्षा जरा फाकलेल्या होत्या. आत ओढणारं कुणी उरलंच नव्हतं ना! नळी घालून हवा काढली, फुफ्फुस पसरलं, आणि पुढच्या फिल्मवर बरगड्या पुन्हा जवळ आल्या होत्या.

एम्फिसीमा या फुफ्फुसाच्या आजारात फुफ्फुसाचीच ओढ सैल पडते, म्हणून तिथे एफआरसी वाढते.