दिसतं Devgad, पण शोधात सापडत नाही

आंबावाला_देवगड: गिऱ्हाइकांच्या यादीत Devgad शोधलं तर निम्म्या ओळी सापडतच नाहीत. डोळ्यांना शब्द जसाच्या तसा दिसतो. स्पेस काढून झाल्या. एक्सेल भिकार आहे, दुसरं काही नाही. पटत नसेल त्यांनी सिद्ध करावं.

कातळावरचा: "भिकार" वाचून राहवलं नाही. न सापडणाऱ्या ओळीतलं दुसरं अक्षर तपासा:

```
=UNICODE(MID(A2,2,1))
```

`101` आलं तर इंग्रजी e. `1077` आलं तर तो रशियन लिपीतला, दिसायला जुळा भाऊ. LEN दोन्हीकडे सहाच येणार, म्हणून स्पेस काढून काय होणार? यादी छापील कागद स्कॅन करून केलेली दिसतेय. स्कॅनमधली अक्षरं ओळखायला एकाहून जास्त भाषा लावल्या की अशी सरमिसळ होते. उपाय:

```
=SUBSTITUTE(A2,UNICHAR(1077),"e")
```

a आणि o चेही असेच जुळे आहेत, तेही बघा.

मालवणी_कोडर: एवढा खटाटोप कशाला? युनिकोडची NFKC पद्धत लावा, सगळं एका छापाचं होतं.

कातळावरचा: नाही होत. NFKC ने सजावटीची ठळक अक्षरं, रुंद अक्षरं सरळ होतात. रशियन अक्षराला ते हात लावत नाही, कारण ते त्या भाषेतलं खरं अक्षर आहे. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची यादी युनिकोडने वेगळी दिलीय, confusables.txt. तीही तुलनेपुरती वापरायची. मूळ मजकूर तिच्यावरून बदललात तर खऱ्या रशियन नावांची वाट लागेल.

मालवणी_कोडर: बरं साहेब. देवगडात रशियन गिऱ्हाइकं किती, तेवढं सांगा.

वेंगुर्ल्याची_माई: तुमचा रशियन ऱ्हवांदे! आमच्या भजन मंडळाच्या फाइलीत 'दुःख' शोधलं की कितीतरी अभंग येतच नाहीत. कोणा मेल्यान विसर्गाच्या जागी कोलन ठोकल्यान. शाळेतल्या पोरांपासून सरकारी फलकांपर्यंत हेच चाललंय!

तारकर्ली_७७: माई, फोनवर विसर्ग शोधत बसायला वेळ कुणाकडे आहे? वाचणाऱ्याला कळतं ना?

वेंगुर्ल्याची_माई: वाचणाऱ्याला कळतं, शोधणाऱ्याला नाही. धागा वाचलास तरी काय रे?

कातळावरचा: माईंचं खरं आहे. कोलन विरामचिन्ह, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी 'दु' आणि 'ख' वेगळे पडतात. दोन देवनागरी अक्षरांच्या मधला कोलन बिनधास्त बदला. शब्दाच्या शेवटचा मात्र हाताने बघा: 'स्वत:' मध्ये विसर्ग हवा, 'सूचना:' मध्ये नको.

वेंगुर्ल्याची_माई: बिनधास्त? आमच्याकडे जागा न सोडता 'राग:भैरवी' लिहिलंय. त्याचाही विसर्ग करू?

कातळावरचा: …आधी 'राग:' आणि 'ताल:' यांच्यापुढे जागा सोडून घ्या. मग बदला.

मालवणी_कोडर: बिनधास्त हां, साहेब. 😄

आंबावाला_देवगड: `1077` आलं. पण डोळ्यांना न दिसणारी गोष्ट एक्सेलने स्वतःहून सांगायला नको? माझं मत कायम.